घरचा म्हातारा कुत्रा गेल्यावर मित्राला काय लिहावं?

१८०९ साली एडिंबरा शहरातल्या एका यजमानांना निरोप मिळाला, की आज रात्रीच्या जेवणाला वॉल्टर स्कॉट येऊ शकणार नाहीत. कारण दिलं होतं, एका जुन्या, जिवलग मित्राच्या निधनाचं. हा मित्र म्हणजे स्कॉटचा कुत्रा, कॅम्प. त्याला घरामागच्या बागेत पुरलं गेलं, स्कॉट ज्या खिडकीशी बसून लिहीत असे तिच्या अगदी समोर. सगळं कुटुंब त्या खड्ड्याभोवती रडत उभं होतं, असं स्कॉटच्या मुलीनं पुढे सांगितल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे.

स्कॉटनं कारण लपवलं नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आज पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात एखाद्याचा तेरा-चौदा वर्षांचा कुत्रा जातो, तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो माणूस ‘जरा बरं नव्हतं’ एवढंच सांगतो. खरं कारण सांगितलं तर समोरचा काय म्हणेल, याची त्याला खात्री नसते.

माणूस गेल्यावर आपल्याकडे पुढचे तेरा दिवस कसे जायचे हे ठरलेलं असतं. शेजारचं घर पिठलं-भात पाठवतं, लांबचे नातेवाईक भेटायला येतात, कोण कुठे बसायचं आणि कधी उठायचं हेसुद्धा कुणाला विचारावं लागत नाही. कुत्र्याच्या मृत्यूला यातलं काहीच नाही. सुतक नाही, दहावा नाही, रजा नाही, भेटायला येणारं कुणी नाही. शहरात तर पुरायला जागाही नसते. मुंबई महापालिकेनं मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली ती २०२३ मध्ये. त्याआधी अनेक मुंबईकरांना वर्षानुवर्षं उशाशी झोपलेला जीव रात्री कुठे न्यायचा, हे फोन करून विचारत बसावं लागलं आहे. समाजानं ज्याला जागाच दिलेली नाही अशा दुःखाचा अभ्यास अमेरिकी संशोधक केनेथ डोका यांनी केला आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या दुःखाला उघडपणे दुःख म्हणता येत नाही, ते सोसणाऱ्याला दोन ओझी वाहावी लागतात. एक दुःखाचं आणि दुसरं ते लपवण्याचं.

म्हणूनच अशा वेळी मित्राचं पत्र मोलाचं ठरतं. बहुतेक वेळा, ‘तुझ्या घरात मृत्यू झाला आहे’ हे मान्य करणारी ती एकमेव गोष्ट असते. पण ते लिहायला बसलं की हात अडखळतो, कारण शाळेत शिकलेलं सांत्वनपत्र इथे चालत नाही. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ हे खंड्या नावाच्या कुत्र्याबद्दल लिहिलं तर वाचणाऱ्याला ते मनापासूनचं वाटणार नाही, कदाचित थट्टाही वाटेल. मराठी वाचकाच्या मनात कुत्रा पाळण्याचा विषय पुलंच्या ‘पाळीव प्राणी’मुळे हसण्याशी जोडलेला आहे. ते हसू आपल्या जागी ठीक आहे. पण त्यामुळे कुत्रा गेल्याचं गंभीरपणे कसं बोलावं, याचा सराव आपल्याला फारसा झालेला नाही.

हे पत्र नीट लिहायचं, तर म्हाताऱ्या कुत्र्याचा मृत्यू घरात नेमका कसा येतो हे आधी माहीत हवं. पत्रातल्या चुका बहुधा या अज्ञानातूनच होतात.

म्हातारा कुत्रा सहसा अचानक जात नाही. मूत्रपिंडाच्या आजाराचं उदाहरण घेऊ, कारण वय झालेल्या कुत्र्यांमध्ये तो नेहमी आढळतो. सुरुवातीला कुत्रा जास्त पाणी पिऊ लागतो आणि जास्त लघवी करतो. मग जेवण कमी होतं, वजन उतरतं, तोंडाला वास येतो, उलट्या होतात. पशुवैद्य रक्त तपासतात आणि क्रिएटिनिन वाढल्याचं सांगतात. त्यानंतर घराचं वेळापत्रकच बदलतं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मानेजवळची कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सलाइन द्यायचं, वेगळं अन्न शिजवायचं, ते हातानं भरवायचं, रात्री दोन-तीनदा उठून बाहेर न्यायचं, मागचे पाय लुळे पडले की पोटाखालून पंचा घालून त्याला उभं करायचं. हे काही महिने, कधी वर्षभर चालतं. कुत्रा गेला की एका दिवसात ते सगळं थांबतं. पहाटे पाचला जाग येते आणि करायला काही नसतं. मनात सुटकेची भावना येते आणि ती आली म्हणून लगेच लाजही वाटते.

याहून अवघड एक गोष्ट असते. माणसाच्या मृत्यूत ती सहसा नसते. अनेकदा कुत्र्याचा शेवट कधी करायचा हे त्याच्या माणसानंच ठरवलेलं असतं. पशुवैद्य आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग बेशुद्ध करणाऱ्या औषधाचा मोठा डोस शिरेतून देतात. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. हे सारं बहुधा काही मिनिटांत होतं. पण डोळे मिटत नाहीत. प्राण गेल्यावरही एखादा मोठा उसासा येऊ शकतो, स्नायू थरथरू शकतात, लघवी होऊ शकते. तोवर शुद्ध गेलेली असल्यामुळे यात वेदना नसते. ज्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, त्याच्या डोळ्यांसमोरून मात्र ते उघडे डोळे हलत नाहीत. मग रात्री तो स्वतःला तेच तेच विचारत राहतो. घाई केली का? उशीर केला का? त्याला कळलं असेल का? आधीच तपासणी केली असती तर?

शेवटच्या प्रश्नाला निदान मूत्रपिंडाच्या बाबतीत एक स्पष्ट उत्तर आहे. मूत्रपिंडात राखीव क्षमता इतकी असते, की साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. क्रिएटिनिनचा आकडा तर बहुधा तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावर वाढतो. म्हणजे घरच्यांना पहिलं लक्षण दिसतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. यात निष्काळजीपणा नाही, शरीराची घडणच तशी आहे. ‘तुझा काही दोष नाही’ या मोघम वाक्यानं जे होत नाही, ते ही एक माहिती करू शकते.

आता एक पत्र प्रत्यक्ष लिहून पाहू. समजा, नाशिकला राहणाऱ्या एका मैत्रिणीचा खंड्या हा तेरा वर्षांचा गावठी कुत्रा गेला आहे. पाच महिने मूत्रपिंडाचा आजार होता. शेवटचे दोन दिवस त्यानं पाणीही घेतलं नाही, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावून त्याला इंजेक्शन दिलं. ठाण्याला राहणारी तिची जुनी मैत्रीण पत्र लिहायला बसते. पहिला खर्डा बहुतेकांचा होतो तसाच होतो:

‘खंड्या गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. पण तेरा वर्षं म्हणजे तो भरपूर जगला. शेवटी त्याचे फार हाल चालले होते, सुटला बिचारा. आणि तूही सुटलीस, किती दिवस अडकून पडली होतीस. देवाच्या मनात असतं तसंच होतं. स्वतःला सावर. थोड्या दिवसांनी एखादं छान पिल्लू आण, म्हणजे मन रमेल. काही लागलं तर सांग.’

यातल्या एकाही वाक्यामागे वाईट हेतू नाही. तरी पत्र वाचल्यावर मैत्रिणीला अधिकच एकटं वाटेल.

‘भरपूर जगला’ हे हिशेबानं बरोबर आहे. पण तेरा वर्षं हीच तर तिची अडचण आहे. मुलगी पहिलीत असताना आलेला कुत्रा मुलगी कॉलेज संपवत आली तेव्हा गेला. सहवास जितका लांब, तितक्या जास्त जागी तो नसल्याचं जाणवणार. ‘सुटला’ हे ती स्वतः म्हणेल आणि तेव्हा मान हलवावी. दुसऱ्यानं ते आधी म्हटलं, तर निर्णय घेणाऱ्या माणसाला ती आपली बाजू कुणीतरी घाईघाईनं मांडल्यासारखी वाटते. ‘तूही सुटलीस’ हे वाक्य तर तिच्या मनातल्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं. सुटकेची भावना तिला आलेलीच आहे आणि तिचीच तिला लाज वाटते आहे. देवाच्या मनात होतं असं म्हटलं, तर तिनं दोन रात्री जागून घेतलेला निर्णय कुणी घेतलाच नव्हता असं होतं. आणि ‘काही लागलं तर सांग’ यात मागण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच जातं.

पिल्लाचा सल्ला वेगळ्या कारणानं टाळावा. सिग्मंड फ्रॉइडचं एक उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे. त्याची योफी नावाची चाऊ जातीची कुत्री १९३७ च्या जानेवारीत गेली. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून ती सावरते आहे असं वाटत असतानाच तिचं हृदय बंद पडलं. त्या वेळी फ्रॉइड ऐंशी वर्षांचा होता. शोक म्हणजे काय यावर वीस वर्षांपूर्वी त्यानं लिहिलेला निबंध जगभर अभ्यासला जात होता. तरीही आपला मित्र, लेखक आर्नोल्ड झ्वाइग, याला पत्र लिहिताना त्यानं सिद्धान्त मांडला नाही. सात वर्षांची जवळीक सहज मागे टाकता येत नाही, अशा आशयाचं साधं वाक्य लिहिलं. पुढची गोष्ट अशी, की त्यानं थोड्याच दिवसांत लून नावाची दुसरी चाऊ कुत्री घरी परत आणली. योफीचं तिच्याशी पटत नसल्यामुळे ती ओळखीच्या घरी ठेवलेली होती. म्हणजे नव्या कुत्र्यानं मन रमतं हे काहींच्या बाबतीत खरं आहे. पण तो निर्णय फ्रॉइडचा स्वतःचा होता. पहिल्या आठवड्यात तोच सल्ला बाहेरून आला, तर त्याचा अर्थ ‘गेलेल्याची जागा भरता येते’ एवढाच पोहोचतो.

मग खर्ड्यात उरलं काय? पहिलं वाक्य. तेवढं ठेवावं आणि पुढे नव्यानं लिहावं. लिहिण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी, कुत्र्याचं नाव आणि तो की ती. घरात जिला तेरा वर्षं ‘ती’ म्हटलं जात होतं, तिच्याबद्दल ‘ते कुत्रं’ असं लिहिलेलं वाचलं की पुढचं सगळं पत्र वाया जातं.

त्यानंतर आठवायची ती एक घटना. शक्यतो अशी, की जी लिहिणाऱ्यानं पाहिली आणि कुत्र्याच्या माणसानं पाहिली नाही. या पत्रातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘खंड्या फार प्रेमळ होता’ हे तिला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यात तिला नवं काही मिळत नाही. पण ती खोलीत नसताना तो काय करायचा, हे तिला माहीत असूच शकत नाही. आता खंड्याबद्दल नवं काही घडणार नाही. दुसऱ्यांनी पाहिलेलं, पण तिच्यापर्यंत न पोहोचलेलं एवढंच नवं शिल्लक आहे. तिच्या खंड्यात भर घालण्याचा तो एकच मार्ग उरतो.

दुसरा खर्डा असा होतो. संबोधनात नेहमीचं हाक मारायचं नाव आणि मग थेट:

‘खंड्या गेल्याचं काल तुझ्या भावाकडून कळलं. फार वाईट वाटलं.

‘मागच्या दिवाळीत मी तुझ्याकडे होते. फटाके सुरू झाले म्हणून तू त्याला घेऊन मधल्या खोलीत बसली होतीस, आठवतं? मध्येच तू चहा टाकायला उठलीस आणि मला म्हणालीस, याला बिस्किट देत राहा. मी दिलं. त्यानं ते हुंगलंसुद्धा नाही. बाहेर माळ वाजत होती, तो थरथरत होता, पण पलंगाखाली शिरला नाही. दाराकडे तोंड करून बसून राहिला. तुझी चप्पल स्वयंपाकघरातून वाजली तेव्हा कुठे त्यानं माझ्या हातातलं बिस्किट घेतलं. हे तुला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

‘गेले पाच महिने तू त्याला रोज सलाइन देत होतीस आणि रात्री दोनदा उठत होतीस. मी फोन केला की तू आवाज खाली करून बोलायचीस, तो नुकताच झोपलेला असायचा म्हणून. इतकं निगुतीनं कुणाचं करताना मी फार कमी लोकांना पाहिलं आहे.

‘आधी लक्षात यायला हवं होतं, असं तू मागे म्हणाली होतीस. मी इथल्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मूत्रपिंडाचं बरंचसं काम थांबेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. तो जास्त पाणी पितोय हे तुला दिसलं आणि तू त्याच आठवड्यात त्याला दाखवलंस. याहून आधी कुणालाच कळलं नसतं.

‘या पत्राला उत्तर लिहू नकोस. मी रविवारी नाशकात आहे. सकाळी साडेसहाला तुझ्याकडे येते, तू त्याला घेऊन निघायचीस त्या वेळेला. वाटलं तर चालायला जाऊ, नाही तर गॅलरीत बसू. यायला नको असेन तर नुसतं “नको” कळव.’

पत्र हातानं लिहिलं तर कागदाच्या जेमतेम दीड बाजूत मावेल. त्यात तत्त्वज्ञान नाही आणि प्रार्थनाही नाही. मैत्रीण श्रद्धाळू असेल आणि लिहिणारीही असेल, तर एक ओळ प्रार्थनेची घालायला हरकत नाही. ती दोघींची खरी भाषा असावी, एवढंच.

यातला डॉक्टरांचा परिच्छेद मात्र जपून वापरायचा आहे. मैत्रिणीनं ती शंका स्वतः बोलून दाखवली होती, म्हणून तिला उत्तर दिलं. तिनं ती काढलीच नसती, तर पत्रानं ती काढू नये. ‘तू इंजेक्शनचा निर्णय घेतलास यात तुझी चूक नाही’ असं न विचारता लिहिलं, तर जिच्या मनात चुकीचा विचारही नव्हता तिच्या मनात तो येऊ शकतो. शिवाय माहिती खरी हवी. कुत्रा गाडीखाली सापडून गेला असेल, फाटक उघडं राहिलं असेल, तर ‘काही करता आलं नसतं’ हे खोटं आहे आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. तिथे कारणमीमांसा पूर्ण सोडून द्यावी. आठवण लिहावी आणि येण्याची वेळ लिहावी.

आठवणच नसेल तर? मित्र दूरदेशी असतो, त्याचा कुत्रा केवळ फोटोत पाहिलेला असतो. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या अनेक मराठी माणसांच्या मित्रमंडळींची हीच अडचण होते. अशा वेळी ओळख असल्याचा आव आणू नये. मित्र त्याच्याबद्दल जे सांगायचा, ते लिहावं. ‘आपण बोलत असताना तो मागे भुंकायचा आणि तू वाक्य अर्धं टाकून उठायचास’ हीसुद्धा खरी आठवण आहे. नाही तर एक प्रश्न विचारावा, तो तुझ्याकडे आला कसा? उत्तराची सक्ती न करता विचारलेल्या या प्रश्नाला लोक पुष्कळदा लांबलचक उत्तर लिहितात, कारण हे त्यांना दुसऱ्या कुणी विचारलेलं नसतं.

तयार मजकूर पुढे पाठवण्याची सवय अशा वेळी फार उपयोगी पडत नाही. प्राणी मरणानंतर एका इंद्रधनुष्याच्या पुलाशी आपल्या माणसाची वाट पाहतात, असा एक इंग्रजी मजकूर जगभर फिरतो. कित्येक दशकं त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. २०२३ मध्ये त्याचा माग लागला. १९५९ साली एडना क्लाइन या एकोणीस वर्षांच्या स्कॉटिश मुलीनं आपला मेजर नावाचा लॅब्राडॉर गेल्यावर तो स्वतःसाठी कागदावर उतरवला होता. आज जो मजकूर कुणालाही, कुठल्याही प्राण्यासाठी पाठवला जातो, तो मुळात एका मुलीनं एकाच कुत्र्यासाठी हातानं लिहिला होता. कुणाला तो वाचून बरं वाटत असेल तर जरूर पाठवावा, पण स्वतःच्या चार ओळींच्या जागी नको.

एक शंका अनेकांच्या मनात असते. त्याच घरात मागच्या वर्षी आई गेली, तेव्हा आपण दोन ओळींचा निरोप पाठवला होता, मग आता कुत्र्यासाठी दीड पान कसं लिहायचं? पत्रात या दोन मृत्यूंची तुलना करू नये, कमी-जास्त ठरवू नये, हे खरं. पण आईच्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं. आता त्या घरात कुणी येणार नाही. पत्राची लांबी दुःखाच्या वजनावर नव्हे, तर ते वाटून घेणारे किती जण आहेत यावर ठरवली, तर ही शंका राहत नाही.

पत्र पहिल्या आठवड्यात पोहोचलं तर उत्तम. महिना उलटला असेल तरी लिहावं आणि उशिराची सबब सांगण्यात दोन ओळीही घालवू नयेत. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात, त्यांच्या नावानं. खंड्याला ‘देवाघरी नेलं’ की ‘मेला’, हे घरच्यांनी मुलांना काय सांगितलं आहे ते विचारून मगच शब्द निवडावा. आणि शक्य असेल तर हे पत्र फोनवर टाइप न करता कागदावर लिहावं. फोनवरचा निरोप शंभर निरोपांखाली जातो. कागद खणात राहतो आणि त्या घरात खंड्याच्या नावानं आलेला तो बहुधा एकुलता एक कागद असतो. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं आणि वर दिलेलं सगळं पत्र त्यात सहज बसतं. कुणाचा कुत्रा नुकताच गेल्याचं वाचकांच्या कानावर आलं असेल, तर त्यांनी ते आजच लिहावं.